झुरळं कुणाच्या खात्यावर

घरमालकांकडे झुरळांची तक्रार करून सिस्टरच्या पदरात पडणार होतं ते एवढंच: औषध मारायचा खर्च, म्हणजे महिन्याच्या भाड्याचा साधारण आठवा हिस्सा, वाचला तर वाचणार. जाणार होतं ते मात्र मोठं होतं. वीस वर्षं इस्पितळात तिच्या वॉर्डाची फरशी पाहुण्यांना मुद्दाम दाखवली जात होती. त्या बाईनं आपल्याच ओट्यावर झुरळं फिरतात हे आपल्याच तोंडानं सांगायचं! याला बदनामीचा आगाऊ हप्ताच म्हणायचं.

म्हणून आठ दिवस तिनं तोंडातून ब्र काढला नाही. दुकानातून फवाऱ्याचा डबा आणला तोही पिशवीत तळाला लपवून. पण नवव्या दिवशी भर दुपारी एक झुरळ गॅसच्या शेगडीवरून असं सावकाश चाललं, जणू भाडं तेच भरत होतं. नवरा जेवत होता. तो बस चालवायचा, त्यामुळे रस्ता कुणाचा यावर त्याचं मत ठाम असे.

"अगं, दिवसाढवळ्या बाहेर पडलंय म्हणजे आत जागा उरली नसणार. मालकांना सांग."

"आणि काकू काय म्हणतील?"

"काकू न सांगताही म्हणतातच."

ते खरंच होतं. घरमालक काका आणि काकू तळमजल्यावर राहत, सिस्टर वरच्या मजल्यावर. मध्ये सोळा पायऱ्या. गुडघ्यांचं निमित्त सांगून काकू त्या कधी चढत नसत, पण त्यांचा आवाज रोज चढे. "हल्ली भाडेकरूंच्या घरात काय काय असतं बाई!" हे वाक्य त्या खालून झाडांना पाणी घालताना झाडांना सांगत.

शेवटी सिस्टरनं चिठ्ठी लिहिली. कधी दिसली, कुठे दिसली, किती दिसली, आणि खाली नेमका प्रश्न: माणूस कुणी आणायचा आणि पैसे कुणी द्यायचे? काकांनी आयुष्यभर जकातीच्या नाक्यावर पावत्या फाडल्या होत्या. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि करारनामाच वर आणला.

"हे बघा सिस्टर, कलम नऊ. माणूस मी आणायचा. पैशाचं मात्र कारणावर आहे. तुमच्या अस्वच्छतेमुळे झालं असेल तर तुम्ही, इमारतीतून येत असतील तर मी. तो माणूस बघेल आणि सांगेल."

"अस्वच्छता" हा शब्द सिस्टरच्या कानात फिनेलसारखा झोंबला. माणूस शनिवारी येणार होता. शुक्रवारी ड्यूटीवरून आल्या आल्या तिनं पदर खोचला. कपाटं रिकामी केली, बिजागऱ्या ब्रशनं घासल्या, सिंकखाली फिनेल ओतलं, उरलेला सगळा फवारा कोपऱ्याकोपऱ्यांत मारला. शनिवारी स्वयंपाकघर असं झळकत होतं, की तिथे शस्त्रक्रिया करावी.

औषधवाला आला. खांद्याला पिशवी, हातात टॉर्च, बोलणं कमी. ओट्याखाली वाकला, कपाटाच्या कडा पाहिल्या, हवेत वास घेतला.

"ताई, इथे तर काहीच नाही. विष्ठा नाही, अंड्यांच्या डब्या नाहीत. साफ केलंत?"

"मग काय पाहुण्यासमोर घाण ठेवू?"

"फोटो?"

"माझ्या ओट्याचा तसला फोटो मी काढू? मी?"

नवरा दारात हसत उभा होता. "चोरानं ठसे पुसलेले ऐकले होते. इथे तक्रारदारानंच पुसले!"

काकांनी करारनामा घडी करून खिशात ठेवला. "म्हणजे झुरळं नाहीत. आणि असलीच तर फवाऱ्यानं गेली. प्रश्न मिटला."

"मिटला नाही, पांगला," औषधवाला म्हणाला. "फवाऱ्यानं थोडी मरतात, बाकीची भिंतीत शिरतात. शिवाय मी जेल लावणार, ते विषारी आमिष खाऊन ती मरतात, पण फवाऱ्याच्या वासानं ती जेलकडे फिरकत नाहीत." त्यानं पिशवीतून चिकट पुठ्ठे काढले. "हे पाच ठिकाणी ठेवतो. आठ दिवस. ओटा रोजच्यासारखा पुसा, उष्टं ठेवू नका. पण कोपऱ्यांत फिनेल नाही, फवारा नाही, पुठ्ठे हलवायचे नाहीत. जिथे जास्त अडकतील, तिथून येतात."

आठ दिवस फिनेल नाही! सिस्टरनं ही शिक्षा मुकाट्यानं घेतली, पण शिक्षाही तिनं आपल्या पद्धतीनं भोगली. पेशंटच्या तापाचा तक्ता असतो तसा तक्ता आखला: एक, सिंकखालचा पाइप. दोन, फ्रिजमागे. तीन, शेगडीशेजारी. चार, कपाट. पाच, पिठाचे डबे. रोज सकाळ-संध्याकाळ आकडे, खाली तिची सही. आणि संध्याकाळी काकांना वर बोलावून त्यांचीही सही. पावत्यांचा माणूस, सही मागितली की त्यांचा हात आपोआप पुढे यायचा. तिसऱ्या दिवशी तर त्यांनीच विचारलं, "आज एक नंबरला किती?"

आठव्या दिवशी औषधवाल्यानं तक्ता हातात घेतला आणि बोट फिरवत एकेक ओळ वाचली. पिठाजवळ शून्य. कपाटात शून्य. शेगडीशी दोन, फ्रिजमागे एक. सिंकखालच्या पाइपापाशी एकतीस, बहुतेक पिल्लं.

"वीस वर्षं हे काम करतोय," तो म्हणाला, "असा कागद मला कुणी दिला नाही. ताई, पिठापाशी शून्य म्हणजे तुमच्या घरात त्यांना खायला नाही. ती पाइपाच्या भोकातून वर येतात. हा पाइप खाली कुठे जातो?"

पाइप खाली काकूंच्या स्वयंपाकघरात जात होता.

"आमच्याकडे?" काकू म्हणाल्या. "एक सापडलं तर नाव बदलेन!"

औषधवाल्यानं फ्रिज पुढे ओढला. मागे रिकाम्या खोक्यांची चळत होती: मिक्सरचं, इस्त्रीचं, जावयानं दिलेल्या घड्याळाचं. कधी लागतील म्हणून काकूंनी जपलेली. त्यानं वरचं खोकं उचललं. आतून इतकी झुरळं सांडली, की या वेळी ती कुणीच मोजली नाहीत.

"पुठ्ठा आणि मोटरची ऊब," औषधवाला शांतपणे म्हणाला. "यापेक्षा चांगलं माहेर नाही त्यांना."

काकूंनी पदर तोंडाला लावला. आता सिस्टरची पाळी होती. वर्षभराचं सगळं बोलणं व्याजासकट परत करायची संधी समोर उभी होती. नवऱ्यानं कोपरानं ढोसलंदेखील. सिस्टरनं बाह्या सरसावल्या.

"काकू, डबे माझ्याकडे द्या. जेल लावायच्या आधी कपाटं रिकामी लागतात. तुमच्या गुडघ्यांनी वाकू नका."

दोघींनी मिळून ती रिकामी केली. काकांनी खोकी स्वतः बाहेर नेली, एकेक मोजत.

दोन्ही स्वयंपाकघरांत जेलचे ठिपके लागले, पाइपाचं भोक सिमेंटनं बुजवलं. अंड्यांतून नवी पिल्लं निघतात म्हणून दोन आठवड्यांनी औषधवाला पुन्हा आला, तेव्हा नव्यानं ठेवलेले पाचही पुठ्ठे कोरे होते. तक्ता मागून त्यानं सोबत नेला, दुसऱ्या गिऱ्हाइकांना दाखवायला.

त्या संध्याकाळी दार वाजलं. बाहेर काकू, कठड्याला धरून, धापा टाकत. "तुझं घर... लखलखीत असतं गं. मी उगाच बोलत होते." एवढंच बोलून त्या वळल्या. सिस्टरनं त्यांना बसवून पाणी दिलं आणि हात धरून खाली सोडलं. परतताना तिची मान जरा जास्तच ताठ होती, असं नवरा सांगतो.

हिशोब शेवटी असा झाला: दोन्ही घरांचं औषध, दोन्ही फेऱ्या आणि सिमेंट, काकांनी भरलं. फवाऱ्याचा एक डबा, सिस्टरनं. आणि सोळा पायऱ्या, काकूंनी.