मोतीराम झोपले नव्हते

आभाने मेल लिहिला तो दात-ओठ खात. की-बोर्ड बिचारा काय करणार, खात होता मार. ‘तुमच्या सपोर्ट टीमला लाज नावाची गोष्ट आहे का’ हे दुसरंच वाक्य. इंग्रजीत लिहिलं होतं, पण इंग्रजीतही त्याचा अर्थ तोच होत होता. मेल जाणार होता पुण्याला, शामसुंदर सरांकडे. ते कंपनीचे सिनिअर मॅनेजर. त्यांच्यापर्यंत जायचं म्हणजे खालची सगळी दारं ठोठावून झाली, आता वरच्याला सांगते, असं जाहीर करणं.

गंगापूर रोडवरच्या या छोट्या ऑफिसातून आभा ग्राहक सांभाळायची. कंपनी कोल्ड स्टोरेजमध्ये तापमान मोजणारी यंत्रं बसवते. खोली गरम होऊ लागली की तिथल्या माणसाच्या मोबाइलवर मेसेज जातो. विंचूरला छायाताईंचं द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज होतं आणि तिथला ऑपरेटर मोतीराम. दोन फेब्रुवारीच्या रात्री दोन नंबरच्या खोलीतला कॉम्प्रेसर बंद पडला. पारा शून्यावरून नऊ अंशांवर गेला आणि निर्यातीची पेटीन्‌पेटी मऊ पडली. मोतीराम म्हणाले, मेसेज आलाच नाही. आभाच्या कंपनीचा रिपोर्ट म्हणत होता, दोन वाजून दहा मिनिटांनी पोहोचला.

मग सगळे म्हणाले, मोतीराम झोपला होता. आज चार वाजता छायाताई त्यांना कामावरून काढणार होत्या. आता वाजला होता एक.

आणि सपोर्टचा हेड विश्वेश काय करत होता? तक्रार बंद करत होता! आभाने तीन तारखेला तक्रार नोंदवली, सहाला बंद. सातला पुन्हा नोंदवली, दहाला बंद. दहाला तिसरी, तेराला बंद. फोन केला की साहेबांचं एकच पालुपद, “तुमचा ग्राहक उत्तरच देत नाही, आम्ही काय करणार?” कंपनीत नियम होता की तक्रार सात दिवस उघडी राहिली की आपोआप वरच्या साहेबाकडे जाते. ही तिसऱ्या दिवशी मरायची आणि नव्या नंबराने जन्मायची. सात दिवस पुरे व्हायचेच कसे? आभाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

“थांब, पाठवू नकोस,” शेजारच्या टेबलावरून मालिनीताई म्हणाल्या. वीस वर्षं याच कामात काढलेली बाई. चष्मा नाकावर ओढून त्यांनी मेल वाचला. “छान आहे. हा वाचून सर फक्त एवढंच म्हणतील की आभाला राग आलाय.”

“आलाच आहे मला राग!”

“असू दे. तो तुझ्यापाशी ठेव. मेलमध्ये तारखा घाल.” त्यांनी ‘लाज’ काढली, ‘बेजबाबदार’ काढला, ‘नेहमीप्रमाणे’ काढलं. मग एका ओळीवर बोट ठेवलं. “इथे काय लिहिलंयस? ‘मेसेज येत नव्हते.’ म्हणजे आता येतायत?”

“कुठले येतात! काल मोतीरामांनी मुद्दाम खोलीचं दार अर्धा तास उघडं ठेवलं. एक मेसेज आला नाही.”

“मग ‘आजही येत नाहीत’ असं लिही. झालंगेलं वाटलं तर कोण हात लावेल? आणि मेसेज पोहोचला म्हणतात ना, तो कोणत्या नंबरवर पोहोचला ते लिही.”

“मोतीरामांच्या.”

“तू पाहिलास नंबर?”

आभाने पाहिला नव्हता. विश्वेशनेही पाहिला नव्हता. बारा दिवस दोघं एकमेकांवर खेकसत होती, पण रिपोर्टातली ती ओळ उघडायचं कुणाला सुचलं नाही. तिने आता उघडली. पूर्ण नंबर दिसत नव्हता, शेवटचे चार आकडे होते. मोतीरामांचा नंबर तिला पाठ होता. हा त्यांचा नव्हता.

हा सुयशचा होता.

सुयश म्हणजे छायाताईंच्या ऑफिसातला जुना क्लार्क. गणपतीच्या आधीच नोकरी सोडून गेला होता. आभाने ग्राहकाची नोंद उघडली. मुख्य संपर्क सुयश, मेल सुयशचा, मोबाइल सुयशचा. मोतीरामांचं नाव खाली, जादा नंबरच्या रकान्यात. जानेवारीत कंपनीने सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती चढवली; पाठवलेल्या मेसेजची यादी सांगत होती, तेव्हापासून जादा नंबरांना मेसेज जाणंच थांबलं होतं. सगळं जात होतं सुयशकडे. रात्रीचा इशारा त्याच्याकडे. ‘तक्रारीबाबत उत्तर द्या’ हा विश्वेशचा मेलही त्याच्याकडे. तो कशाला उत्तर देतो?

आणि ऑगस्टमध्ये छायाताईंनी फोन करून सांगितलं होतं, “आभा, सुयश गेला गं, त्याचं नाव काढून टाक.” आभा म्हणाली होती, “करते ताई, लगेच करते.”

केलं नव्हतं. विसरली होती.

तिचे कान तापले. आतापर्यंत विश्वेशवर धरलेला राग गर्रकन फिरला आणि तिच्याच थोबाडावर बसला. शी! आपण कुणाची लाज काढायला निघालो होतो?

“ताई, हे मीच…”

मालिनीताईंनी स्क्रीन पाहिली. “हे न लिहिताही मेल पूर्ण होतो,” त्या हळूच म्हणाल्या. “आवृत्तीची चूक आहेच. न पाहता तक्रारी बंद केल्या, हेही खरंच आहे.”

“आणि सरांनी विचारलं, सुयशचं नाव तिथे कसं राहिलं, तर?”

“तर मग विचारतील.”

आभाने खुर्ची पुढे ओढली आणि लिहिलं. दोन फेब्रुवारीला काय झालं. तीन तक्रारी, त्यांचे नंबर, कधी उघडल्या, कधी बंद झाल्या. मेसेज ऑपरेटरला आजही जात नाहीत. संपर्क बदलण्याची सूचना ऑगस्टमध्ये मला मिळाली होती, मी ती अमलात आणली नाही. चार वाजण्यापूर्वी ग्राहकाला लेखी खुलासा हवा आहे, नाहीतर एका निर्दोष माणसाची नोकरी जाईल. मेलमध्ये एकही शिवी नव्हती, एकही उद्गारचिन्ह नव्हतं. पाठवताना मात्र तिने बटण असं दाबलं की मालिनीताई दचकल्या.

पंचवीस मिनिटांत शामसुंदर सरांचा फोन आला. आवाज थंड होता. विश्वेशलाही त्यांनी त्याच फोनवर घेतलं होतं. नोंद बदलायला सहा मिनिटं लागली. सहा! बारा दिवस ज्याच्यासाठी घालवले त्याला सहा मिनिटं. सव्वातीनला सरांच्या सहीचं पत्र छायाताईंना गेलं. आभाला दोन ओळींचा वेगळा मेल आला, उद्या सकाळपर्यंत लेखी स्पष्टीकरण. तिने वाचला आणि बाजूला ठेवला.

साडेचारला मोतीरामांचा फोन.

“मॅडम, दार उघडलं व्हतं. मेसेज आला बघा.”

“नोकरी?”

“हाय. ताई म्हणल्या, उद्यापासून नेहमीसारखं या.”

“मोतीराम, ऐका. तुमचा नंबर वर घ्यायचं काम माझं होतं. मी केलं नाही. चूक माझी आहे.”

मोतीराम रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

“बारा दिवस,” ते म्हणाले. “लोकांचं सोडा, मॅडम. माझी बायको पण म्हणली, झोपला असाल तर कबूल करून टाका. पोरगं तर बोलतच नाय. लय वंगाळ गेलं बघा.” मग म्हणाले, “ते साहेबांचं पत्र इंग्रजीत हाय. मला मराठीत देता का लिहून? घरी वाचून दाखवायचंय.”

“देते,” आभा म्हणाली. मग तिला तो ऑगस्टमधला शब्द आठवला आणि ती ताडकन म्हणाली, “नाही, थांबा. फोन ठेवू नका. आत्ताच लिहिते.”

तिने कोरा कागद ओढला. या पत्रात कुणी काही कापणार नव्हतं. फोन कानाला तसाच धरून तिने पहिली ओळ लिहिली आणि मोतीरामांना वाचून दाखवली:

“मोतीराम त्या रात्री झोपले नव्हते. झोपले होते ते आम्ही.”