हसण्याची पातळी

गेलेल्या बायकोच्या आठवणीसाठी फिल्म जोडत होतो. लेकीचं निवेदन, संगीत आणि घरचे व्हिडिओ, सगळ्यांचा आवाज एका पातळीवर आणायचा होता.

"बाबा, स्वयंपाकघरातल्या व्हिडिओत आई नुसती पुटपुटतेय," लेक म्हणाली. "मावशी आवाज वाढवायला रिमोट शोधत बसेल. आणि तुम्ही म्हणे साउंडवाले!"

चूक माझीच होती. त्या व्हिडिओतला सर्वांत मोठा आवाज पाहून मी पातळी लावली होती, आणि तो आवाज माझ्या हसण्याचा होता. तिच्या हातून ताट निसटलं, तेव्हा मी कॅमेऱ्यामागे खो खो हसत होतो. त्यामुळे तिचं बोलणं खालीच राहिलं होतं.

हसण्याचा तुकडा वेगळा करून खाली आणला. मग फक्त तिच्या बोलण्याची सरासरी मोजून ती निवेदनाइतकी वर नेली. मागचा पंखाही वर आला, आणि शब्द स्पष्ट झाले.

"अहो, हसताय काय? दम लागतोय मला."

लेकीने व्हिडिओ थांबवला. "हे वाक्य काढायचं?"

"नको. मावशीला रिमोट शोधायला लागू नये."

माझं हसणं तेवढं पुसून टाकावंसं वाटलं. तेही राहू दिलं.