दिवाळीपर्यंतचं इंग्रजी

मंगलचा अर्ज फाईलीत जाऊन बसला होता. आता बोला! फाईल कावून हलत न्हाई हे विचारायला जिल्हा परिषदेच्या मोठ्या साहेबांची भेट मागितली, तर भेट मागणारा अर्जच त्या फाईलीच्या पोटात.

"आवक नंबर बरोबर हाय तुमचा," साहेबांचे स्वीय सहायक बिभीषणराव तिच्या हातातली पोच बघत म्हणाले. "पण विषय वसतिगृहाच्या फाईलीचा. म्हणून अर्ज शिक्षण विभागाकडं मार्क झाला, आन् त्यांनी तो फाईलीला लावला."

"मंग साहेबांनी बघितलाच न्हाई?"

"फाईल वर आली की बघतील की."

मंगलनं कपाळावर हात मारून घेतला. तिची वस्ती तलवाड्याच्या पलीकडं. ती शाळा समितीची अध्यक्ष, आणि हंगाम लागला की ऊसतोडीला जाणारी. दिवाळी झाली की अख्खी वस्ती कारखान्याकडं निघते. मागं राहणाऱ्या पोरांचं जेवणखाण शाळेनं बघायचं, त्यालाच हंगामी वसतिगृह म्हणतात. पोरांची यादी गेलती, समितीचा ठराव गेलता, राहिली होती साहेबांची एक सही. आज सोमवार. गुरुवारी मुकादम ट्रक लावणार. तोवर सही न्हाई झाली तर तिची सातवीतली लेक राजनंदिनी पण ट्रकात बसणार, कारण घरी तिला बघणारं कुणी नव्हतं.

बिभीषणरावांना दया आली असावी. आवाज खाली आणून ते म्हणाले, "साहेब नवे हायत, परराज्यातले. मराठी शिकतायत अजून. तुमी इंग्रजीत चार ओळी लिहून द्या, मराठी अर्जाची पोच जोडा. भेटीच्या चिठ्ठीसंगं मी आत नेऊन ठेवतो."

मराठी अर्ज लिहिला होता गेटजवळ टेबल टाकून बसणाऱ्या त्रिंबककाकांनी. काय त्याचा थाट! 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की...' असं दीड पान, आणि त्यात गुरुवार कुठंच नव्हता. इंग्रजीचं नाव काढताच त्रिंबककाकांनी हात जोडले. "ते आपल्याच्यानं व्हायचं न्हाई, बाई."

मग मंगल कोरा कागद घेऊन व्हरांड्यातल्या बाकावर टेकली. दुपार कलत होती. पंखा संथ फिरत होता आणि पहाटेपासून जागी असलेली तिची नजर जड झाली. डोळे मिटले का उघडेच होते, तिचं तिलाच कळेना. समोर तिचं शाळेतलं इंग्रजीचं पुस्तक आलं. पंख्याच्या वाऱ्यानं पानं उलटत होती. आंबा, बैल, शाळा, सगळी चित्रं जिथल्या तिथं. दिवाळी आली आणि पुढची पानं कोरी झाली, पांढरी, धुक्यात बुडलेल्या उसाच्या फडासारखी. त्या पांढऱ्यातून तिची आय पुढं चालली होती, मागं लहानगी मंगल. मंगलनं वळून बघितलं तर मागं राजनंदिनी. पोरगी हसत होती, आणि तिच्या हातातलं पुस्तक पण तिथूनच कोरं.

मंगल दचकली. जे शब्द पुस्तकाच्या अलीकडच्या अर्ध्यातून सापडले तेवढे तिनं भराभर कागदावर मांडले. 'सर, थर्सडे ट्रक कम. ट्वेंटी टू चिल्ड्रन गो. होस्टेल फाईल इज इन युवर ऑफिस. आय वॉन्ट टेन मिनिट्स. प्लीज, बिफोर थर्सडे.' पुढं काही येईना. खाली तिनं नाव लिहिलं.

कागद आत गेला आणि पाव तासानं मंगलला हाक आली.

साहेब तरुण होते. कागद त्यांच्या हातातच होता. "हे कोणी लिहिलं?" त्यांनी अडखळत मराठीत विचारलं.

"मी, सर."

"इतकंच? पुढे काही नाही?"

लाजेनं मंगलचे कान तापले. मग मनाशीच म्हणाली, जाऊ दे, आली हाय तर बोलून टाकावं. "माझं इंग्रजी दिवाळीपर्यंतचंच हाय, सर. दर साली दिवाळी झाली की आय-बापासंगं कारखान्यावर जायची. पुस्तकाचा पुढला अर्धा मी कधी बघितलाच न्हाई. पोरीनं बघावा, एवढंच मागायला आलते."

साहेबांनी कागदावर एकवार पुन्हा नजर फिरवून बेल दाबली आणि फाईल मागवली. फाईल आली, वरच त्रिंबककाकांचा दीड पानी अर्ज टाचलेला. साहेबांनी तो उलटला, यादी तपासली, शिक्षणाधिकाऱ्यांना बोलावून दोन प्रश्न विचारले आणि सही केली.

बुधवारी मंजुरीचा आदेश शाळेत आला.

गुरुवारी ट्रक भरला. भांडीकुंडी, कोयते, बायाबापड्या. शाळेच्या कठड्याला टेकून राजनंदिनी उभी होती, रडू दाबत. मंगलला पण भरून आलं होतं, पण तिनं ट्रकातूनच दरडावलं, "ये, ऐक! सांजच्याला फोन करीन. इंग्रजीचं पुस्तक घिऊन बस."

"कावून?"

"दिवाळीच्या पुढलं पान वाचून दाखव मला."