राहून गेलेलं नाव

कापडे गावच्या नव्या शाळेच्या उद्घाटनात आभार मानायचं काम महिपतवर आलं, कारण मुंबईच्या गिरणीत राहून त्याला चार माणसांत बोलायची सवय होती. मास्तरांनी कागदावर क्रम घालून दिला होता, वाक्यं महिपतनं स्वतः लिहिली होती. आधी अध्यक्ष हैबती पाटील, मग महाडचे पाहुणे वकीलसाहेब, मग जागा देणाऱ्याचं नाव, मग देणगीदार, मग दगडमाती वाहिलेली मंडळी, शेवटी श्रोते.

जागा दिली होती रखमाकाकीनं. आपलं खळं तिनं शाळेला दिलं, ते नवऱ्याच्या, चांगूच्या, नावानं. मोबदल्यात एवढंच मागितलं, की भरल्या सभेत त्यांचं नाव घ्यावं. ती स्वतः ते कसं घेणार? नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नसतं, आणि तो जाऊन आठ वर्षं झाली तरी तिनं तो नेम मोडला नव्हता.

पण सभेत पुढच्याच रांगेत भागोजी मुकादम बसला होता. महिपतची गिरणीतली नोकरी त्याच्या हातात. महिपतला मोह आवरला नाही. वकीलसाहेबांनंतर त्यानं मुंबईच्या देणगीदारांची नावं घेतली, मुकादमापासून सुरुवात करून चांगली चौदा. चांगूचं नाव काय, मागून घेता येईल, असं त्यानं मनाशी म्हटलं.

चौदावं नाव झालं आणि वकीलसाहेब उठले. पोलादपूरहून सुटणारी महाडची मोटार त्यांना गाठायची होती. पाटील उठले, मंडळी उठली. महिपत गडबडला आणि म्हणाला, "ज्यांची नावं राहिली, त्या सर्वांचे आभार." टाळ्या पडल्या. मागे बायकांत रखमाकाकी हात जोडून बसली होती, ती तशीच बसून राहिली.

मुकादमानं पाठ थोपटली. ती थाप महिपतच्या अंगाला चिकटून बसली.

दुपार कलल्यावर तो शाळेकडे गेला. काकी एकटी अंगण झाडत होती. त्यानं कबूल केलं, की गडबड झाली हे खरं, पण नाव मागे त्यानंच ढकललं होतं, मुकादमाला खूश करायला.

काकीनं केरसुणी थांबवली. "पाच मिनटं उशीर झाला असता तर ती मोटार थांबली नसती, ते मला कळतं. पण माझ्या तोंडी त्यांचं नाव येत नाय, म्हून तुला सांगितलेलं."

महिपतनं कागद काढला. मोकळ्या अंगणात, सभेत उभं राहावं तसा उभा राहून त्यानं वाचलं, "ही जागा कै. चांगू यांच्या स्मरणार्थ मिळाली. सभेच्या वतीने मी त्यांचे मनःपूर्वक आभार मानतो."

काकीनं पदर डोक्यावर घेतला.

"सभेत असंच बोलणार व्हतास?"

"होय, काकी."

"चांगलं लिवलंस," ती म्हणाली, आणि पुन्हा झाडायला लागली. महिपतची मान काही वर झाली नाही.