चार तासांत तीन किलो

डायलिसिस विभागात आहार बघणाऱ्या बाईंना सगळे चिमटाबाई म्हणत आणि बाईंना त्याचं काही वाटत नसे. पंधरा वर्षं त्यांच्या कोटाच्या खिशात तो चिमटा होता. दंडाच्या मागची कातडी खालच्या चरबीसकट बोटांत उचलायची, चिमटा लावायचा, दोन सेकंद थांबायचं आणि काट्यावरचे मिलिमीटर वाचायचे. मग टेपने दंडाचा घेर घ्यायचा. घेरातून चरबीचा हिशोब वजा केला की आत मांस किती उरलंय ते कळतं. चिमटा त्यांनी एका बऱ्यापैकी बुटांच्या जोडाच्या किमतीत घेतला होता, आणि तेव्हापासून बूट सात झाले होते.

मग ते यंत्र आलं. त्याच्यावर अनवाणी उभं राहायचं, पायांतून बारीकसा विद्युतप्रवाह जाणार, आणि मिनिटभरात चरबी किती, पाणी किती, स्नायू किती याचा रंगीत कागद बाहेर. त्या किमतीत विभागाला दोन नव्या खाटा आल्या असत्या, पण खाटा रंगीत कागद देत नाहीत. पेशंट आल्याआल्या वजन करायला उभे राहतातच, म्हणून तेव्हाच त्यांना यंत्रावर चढवायचं ठरलं. पंधरा दिवसांत मोठ्या डॉक्टरांचा हुकूम निघाला. चिमट्याची मोजमापं बंद, फाइलमधला तो रकाना रद्द, आणि ज्यांच्या कागदावर स्नायूंपुढे हिरवा शेरा आहे त्यांची प्रथिनांची पावडर थांबवावी. असे अकरा जण निघाले.

बाईंनी हुकूम वाचला, घडी घालून खिशात चिमट्याशेजारी ठेवला, आणि मोजत राहिल्या. रकाना नव्हता, म्हणून समासात पेन्सिलीने लिहू लागल्या.

अकरा जणांत शिंपीकाका होते. वय साठीच्या आसपास, आठवड्यातून तीनदा येणार, डायलिसिसनंतरचं वजन वर्षभर चौसष्टवर ठाम. यंत्र त्यांच्यावर भलतंच खूश होतं. डायलिसिस संपल्यावर बाईंनी त्यांचा सुया न लावलेला हात घेतला, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये खूण केली, आणि तीनदा मोजलं. चरबी मागच्या वर्षीएवढीच, बारा मिलिमीटर. घेर सत्तावीसवरून पंचवीस.

"दोन सेंटिमीटर गेले, काका."

"मला विचारायचंत ना," शिंपीकाका म्हणाले. "याच सदऱ्याची बाही मी दोनदा आत घेतलीय. आणि पायजम्याची नाडी मात्र पुरत नाही. धंद्यात एवढी वर्षं गेली, असं गिऱ्हाईक नाही पाहिलं. वरून आटतंय आणि खालून फुगतंय."

"झोप कशी लागते?"

"खुर्चीत लागते. आडवं झालं की दम कोंडतो."

बाईंना उलगडा झाला. माणसाचं मांस झडत होतं, त्याची जागा पाणी भरून काढत होतं, आणि वजनाचा काटा गप्प बसला होता. जादा पाणी काढल्यावर जे वजन उरायला हवं ते चौसष्ट असं वर्षापूर्वी ठरलेलं. तेव्हाचा माणूस आता उरला नव्हता, पण आकडा तोच होता. पाणी छातीत साठत होतं आणि वर पावडरही बंद.

बाई फाइल घेऊन थेट मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या. डॉक्टर वाईट माणूस नव्हते. दिवसाला चाळीस पेशंट बघून कातावलेले होते.

"बाई, तुमचा चिमटा हातावर अवलंबून. तुम्ही बारा म्हणाल, सिस्टर पंधरा म्हणतील."

"म्हणूनच पंधरा वर्षं मीच मोजतेय."

"ठीक. वाद नको. हाडांची घनता मोजतात तो पूर्ण शरीराचा स्कॅन करू. त्याच्यावर तर कोणी बोट ठेवणार नाही ना?"

त्या स्कॅनच्या एका कागदाला शिंपीकाकांची आठवड्याची कमाई लागली असती; डॉक्टरांनी तो विभागाच्या खात्यावर टाकला, हे मान्य करायलाच हवं. कागद आला. हाडं ठीक, चरबी ठीक, स्नायू वयाच्या मानाने उत्तम. डॉक्टरांनी तो बाईंच्या पुढे सरकवला.

बाईंचा चेहरा उतरला, पण घटकाभरच. मग त्यांनी कागदावरची वेळ पाहिली. सकाळी आठ. डायलिसिसच्या आधी.

"हा स्कॅन हाड ओळखतो, चरबी ओळखतो, आणि दोन्ही चोख ओळखतो," त्या म्हणाल्या. "उरलेलं सगळं एका ढिगात टाकतो. त्या ढिगात मांसही आलं आणि पाणीही. पायाखालचं यंत्रही तिथेच फसतंय."

"हे तुम्ही मला शिकवताय?"

"हो. पुढच्या खेपेला स्कॅन दोनदा करा. आधी एक, चार तासांनी पाणी काढल्यावर दुसरा. मांस खरं असेल तर जागचं हलणार नाही. ते तसंच राहिलं तर दोन्ही स्कॅनचा खर्च माझ्या पगारातून कापा, आणि हा चिमटा तुमच्यासमोर कचऱ्यात टाकते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "पेशंट तयार होईल?"

"आठवडाभर शिवणयंत्र बंद ठेवायला सांगितलंत तरी तयार होईल. त्याला आडवं झोपायचंय."

शिंपीकाका नुसते तयार नव्हते, इरेला पेटले होते. स्कॅनच्या टेबलावर झोपताना दम लागला, म्हणून तिथल्या तंत्रज्ञ थांबूया म्हणाल्या, तर हे म्हणाले, "फिरवा तुमच्या मशीनचा तो हात, सात मिनिटं मी धाप गिळतो." दुपारी डायलिसिस संपलं तेव्हा पाय लटपटत होते. बाईंनी स्वतः त्यांना चाकाच्या खुर्चीतून खाली नेलं.

संध्याकाळी दोन कागद डॉक्टरांच्या टेबलावर शेजारी शेजारी पडले. वजन सदुसष्ट, मग चौसष्ट. हाडं दोन पूर्णांक चार, मग तितकीच. चरबी चौदाच्या जरा वर, दोन्हीकडे. आणि ज्याला कागद स्नायू म्हणत होता तो ढीग पन्नास पूर्णांक चारवरून सत्तेचाळीस पूर्णांक चारवर.

"चार तासांत तीन किलो मांस," बाई म्हणाल्या. "कापून नेलं का हो कोणी?"

डॉक्टरांनी फाइल ओढली, चौसष्टवर काट मारली, दर आठवड्याला अर्धा किलो खाली आणायचं असं लिहिलं, आणि पावडर चालू केली.

"झालं समाधान?"

"दहा जण राहिले."

"दहा जणांचे दोन-दोन स्कॅन? बाई, वर मला विचारतील."

"स्कॅन कोण मागतंय? त्याने त्याचं काम केलं." बाईंनी खिशातून ती घडी काढून हुकूम टेबलावर उलगडला. "हा मागे घ्या. मोजमाप डायलिसिसनंतर, चिमट्याने, दर महिन्याला. माझ्या हाताखाली दोन सिस्टर तयार करते, म्हणजे बारा आणि पंधराची भानगडही मिटेल. आणि नाही घेतलात तरी मी मोजणारच आहे. फक्त समास संपत आलेत."

डॉक्टरांनी हुकूम हातात घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला, आणि फाडला.

सात आठवड्यांनी शिंपीकाका साठ पूर्णांक पाचवर आले. सवयीने यंत्रावर उभे राहिले. यंत्राने पहिल्यांदाच त्यांना लाल शेरा दिला: स्नायू घटले, तातडीने लक्ष द्या. काकांनी तो कागद बाईंना आणून दिला.

"काय म्हणतंय हे?"

"म्हणतंय की तुमची तब्येत बिघडली."

"बरं. त्याला सांगा, काल मी पलंगावर झोपलो. उशी एकच घेतली."

बाईंनी चिमटा काढला.