चौथं उदाहरण

वादविवादात अहल्येची जीभ कधी घसरत नसे. घसरली ती एकदाच, आणि तीही जिंकत असताना.

कन्नड मुलखातल्या येलहंक्याच्या त्या शाळेत दहावीच्या दोन तुकड्यांत दरवर्षी इंग्रजी वादविवाद होई. यंदाचा विषय होता, 'हुशार मुलांचा वेगळा वर्ग असावा'. बाजूनं पहिला बोलणार शंतनु, विरोधात पहिली अहल्या. अहल्येचं घराणं या गावात तीनशे वर्षांचं. शंतनु गेल्या वर्षी पुण्याहून आलेला. दहावीत मराठी बोलणारी ही दोघंच. 'जरा थांब, बरं का' याऐवजी तिचं कन्नड मिसळलेलं "स्वल्प थांब, सरी?" ऐकून तो पोट धरून हसायचा, आणि त्याचा सूड म्हणून ती त्याला कन्नड अक्षरं दहा-दहादा गिरवायला लावायची.

अशाच एका दुपारी वही मिटत तो म्हणाला होता, "मी पुण्यात नववीला नापास झालो होतो. इथे परत नववी केली. कुणालाच माहीत नाही हं. आईनं शपथ घातलीये."

"मी कशाला सांगू कुणाला?" अहल्या म्हणाली होती. आणि तेव्हा ते अगदी खरं होतं.

वादविवादाच्या दिवशी शंतनूची आई, नीलिमाताई, रजा घेऊन तिसऱ्या रांगेत येऊन बसली होती. शंतनु छान बोलला. 'हुशार' म्हणजे शिकवलेलं लवकर कळणारा, अशी व्याख्या त्यानं सुरुवातीलाच करून टाकली. पण पुढं बोलता बोलता तो स्वतःच ती विसरला. अहल्या खाली मान घालून कागदाच्या कडेला टिपत होती आणि मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या.

ती उठली. "माझ्या मित्रांनी हुशार कोण ते सांगितलं," ती म्हणाली, "पण एकदा नाही, तीनदा. पहिल्या मिनिटाला हुशार म्हणजे ज्याला लवकर कळतं तो. तिसऱ्या मिनिटाला नव्वद टक्के मिळवणारा. पाचव्याला, सतत प्रश्न विचारणारा. ही तीन वेगळी मुलं आहेत. लवकर कळणारा आळशी असू शकतो, नव्वदवाला घोकंपट्टी करणारा असू शकतो, आणि प्रश्न विचारणाऱ्याला तर पुष्कळदा उशिराच कळतं, म्हणून तर तो विचारतो! वर्गाच्या दारात उभं राहून यांतल्या कुणाला आत घेणार? ते ठरत नाही, तोवर हा वर्ग कुणासाठी आहे तेच आम्हाला कळत नाही."

टाळ्या पडल्या. समोरच्या बाकावर शंतनुसुद्धा कपाळाला हात लावून हसला. सापडलो बुवा, असं ते हसणं होतं. इथंच पोरीनं खाली बसायचं. पण घड्याळात अजून एक मिनिट होतं, आणि टाळ्यांची चटक फार वाईट. अति तिथं माती, हे आपल्याला नेहमी माती झाल्यावर आठवतं.

"आणि एक खरं उदाहरण देते," ती म्हणाली. "एक मुलगा पुण्यात नववीत नापास झाला. यांच्या कुठल्याच व्याख्येत तो बसला नसता. आज तो याच सभागृहात उत्तम इंग्रजीत भाषणं करतो."

नाव घेतलं नव्हतं. नाव घेतलं नाही म्हणजे झालं, असंच तिला बोलताना वाटलं. पण पुण्याचा मुलगा दहावीत एकच. रांगाच्या रांगा शंतनूकडं वळल्या. मागून कुणीतरी हलकेच शिट्टी मारली. नीलिमाताईनं मांडीवरची पर्स उघडली, काहीच न काढता बंद केली.

अहल्येची तुकडी जिंकली. परीक्षक श्रीविद्या मॅडम बाहेरच्या कॉलेजातल्या. त्यांना कोण कुठला काही ठाऊक नव्हतं. गुणपत्रक देताना त्या म्हणाल्या, "समोरच्यांचा शब्द तू त्यांच्याच वाक्यांनी पकडलास, पूर्ण गुण त्याचे. शेवटचं उदाहरण मात्र मी धरलं नाही. एका मुलावरून काही सिद्ध होत नाही. त्याशिवायही तू जिंकलीच होतीस."

अहल्येला तिथल्या तिथं भूमी दुभंगावी असं झालं. मोलाचं काही मिळवायला त्याचं गुपित फोडलं असतं, तर निदान मनाची समजूत घालता आली असती.

फाटकाशी शंतनु आईची वाट बघत उभा होता. अहल्या धावत गेली. "चुकलं रे माझं. फार चुकलं. मला ते बोलायचंच नव्हतं. तू रागाव, भांड, काय वाटेल ते बोल."

शंतनूनं तिच्याकडं पाहिलं. रागावलेला दिसत नव्हता. वर्गातल्या इतर सगळ्यांशी बोलायचा तशा नीटनेटक्या इंग्रजीत तो म्हणाला, "इट्स ओके, अहल्या. कॉंग्रॅच्युलेशन्स."