तीनची घंटा

आमच्या अग्यारीतली, म्हणजे पारशांच्या अग्निमंदिरातली, आग एकशे चौदा वर्षं विझलेली नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण हा आकडा मला झोपेतून उठवून विचारा. आजेसासऱ्यांनी ती प्रतिष्ठापली, सासऱ्यांनी राखली, मग आमच्या ह्यांनी. ह्यांच्या छातीनं दगा दिला आणि ह्यांनी खाट धरली, तेव्हापासून माझा मुलगा राखतो. चाळिशी उलटलेला, बिनलग्नाचा, अंगानं आडदांड आणि मनानं लोणी. आता मोबेद, म्हणजे आमचा पुजारी, तो एकटाच.

मागच्या वर्षी विश्वस्तांचं पत्र आलं. भाविक उरले अकरा, त्यातले दोन अंथरुणाला खिळलेले. आग जळतेय तोवर अग्यारी चालेल, एकदा विझली की परत प्रतिष्ठापना नाही, दाराला कुलूप. मी ते पत्र मुलाला दोनदा वाचायला लावलं आणि डाळीच्या डब्याखाली घातलं.

लोक विचारतात, तुम्ही आगीला देव मानता का? हे हसायचे. म्हणायचे, "देव दिसत नाही, पण उजेड दिसतो. आग म्हणजे त्याच्या उजेडाची आपल्या हाताशी असलेली खूण. ती काही लपवत नाही, म्हणून ती सत्याची खूण. तिच्याकडे तोंड करून उभं राहिलं की माणसाला खोटं बोलवत नाही." मग रात्रंदिवस का राखायची? "अंधाराला कुणी राखावं लागत नाही, तो आपोआप येतो. उजेडाला माणूस लागतो. चांगलं काम एकदा करून भागत नाही, दर पाळीला पुन्हा करावं लागतं." हा माणूस घरात साधं पाणी मागतानाही दहा वाक्यं बोलायचा, पण हे मात्र मला पटलं होतं.

दिवसाच्या पाच पाळ्या. सूर्योदय, दुपारचे बारा, तीन, सूर्यास्त आणि मध्यरात्र. दर पाळीला मोबेद अंघोळ करतो, कमरेची कस्ती, म्हणजे पवित्र दोरी, सोडून मंत्र म्हणत पुन्हा बांधतो, नाकातोंडावर पदान, म्हणजे पांढरं फडकं, बांधतो, कारण श्वास आणि थुंकी आगीला लागायची नाही. फुंकर तर मुळीच नाही. आतल्या खोलीत दगडी बैठक धुतो. तिच्यावर अफर्गान, म्हणजे राखेनं भरलेलं चांदीचं भांडं, राखेवर निखारे. चिमट्यानं वाळलेली लाकडं आणि चंदनाचे तुकडे ठेवतो, आगीची स्तुती म्हणतो आणि वाईट विचार, वाईट शब्द, वाईट कृती हाकलताना घंटा देतो. तीनतीनदा, एकूण नऊ टोल. समोरचा न्हावी त्या टोलांवर घड्याळ लावतो.

आणि एक नियम सगळ्यांच्या वर. प्रेताला हात लागला की त्या मोबेदानं आगीपाशी जायचं नाही. नऊ रात्रींचं शुद्धीकरण होईपर्यंत नाहीच.

म्हणून त्या दिवशी सकाळी डॉक्टर ह्यांना तपासून "आजच" म्हणून गेले तेव्हाच मी मुलाला बजावलं, "बाबांना हात लावायचा नाही. दारातून बघ." पुढच्या गावच्या थोरल्या मोबेदांना फोन केला. ते म्हणाले, उद्या सकाळच्या गाडीनं माणूस पाठवतो. तोवर आग एकट्या माझ्या मुलाच्या हातात.

अकराच्या सुमारास ह्यांनी डोळे उघडले. "त्याला बोलाव. हात धरू दे."

"दारात उभा आहे, दिसतोय ना?"

"दिसतोय गं. हात मागतोय मी."

"आधी बाराची पाळी होऊ दे."

मुलगा म्हणाला, "आई, जिवंत माणसाला हात लावायला कसली बंदी?"

"कुठल्या घटकेला काय होईल ते तुला कळतं का? माझ्या देखत नाही."

ह्यांनी तोंड भिंतीकडे केलं. सेहेचाळीस वर्षांत माझ्याशी हुज्जत न घालण्याची ही पहिलीच वेळ.

बाराची पाळी झाली. अडीचला मी पाण्याची वाटी घेऊन गेले तर छाती हलत नव्हती. वाटीतलं पाणी डोळ्यांसमोर धरून मी तशीच उभी राहिले. हात पुढे गेला होता, तो मागे घेतला. का घेतला ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. बाहेर आले. मुलगा ओसरीत चंदनाचे तुकडे निवडत होता.

"कसे आहेत?"

"झोप लागलीय. जाऊ नकोस."

माझा हिशोब सरळ होता. तीनची पाळी शांत चित्तानं होऊ दे, मग सांगू. अर्ध्या तासाचं खोटं, त्यानं कुणाचं काय बिघडतं? मी बंब पेटवायला मागे गेले.

परत आले तर हा खाटेपाशी गुडघ्यांवर. बापाचा हात दोन्ही हातांत, त्यावर कपाळ.

"ओरडू नकोस," तो पुटपुटला. "झोपलेत म्हणालीस म्हणून आलो. जागे असते तर तू धरू दिला नसतास. गार पडलाय गं हात. पांघरूण घाल." उठला. "पावणेतीन झाले. अंघोळीला जातो."

मी दारात होते. सरकले असते तर तो गेला असता. अंघोळ, कस्ती, पदान, नऊ टोल. न्हाव्याचं घड्याळ लागलं असतं, अग्यारी वाचली असती, आणि जगात कुणाला, अगदी त्यालाही, कळलं नसतं. नंतर रडून म्हटलं असतं, आत्ताच गेले. पोटात हे सगळं तयार होतं, तोंड उघडायचाही त्रास नव्हता.

पण मग त्या चांदीच्या भांड्यात जळत काय राहिलं असतं? लाकूड. लाकूड काय, बंबातही जळतं.

"जाऊ नकोस," मी म्हटलं. "ते अडीचलाच गेलेत. मी बघितलं होतं. तुला खोटं सांगितलं."

तो माझ्याकडे बघत राहिला, मग स्वतःच्या तळव्यांकडे. "तू बघितलंस आणि झोपलेत म्हणालीस."

"हो."

"सकाळपासून मागत होते ते. एक हात."

 

मी थोरल्या मोबेदांना फोन लावला, सगळं सांगितलं, माझं खोटंही. त्यांनी मग विचारलं, "तुम्ही प्रेताला हात लावलात?"

"नाही."

"नक्की? नवरा आहे तुमचा."

"लावला नाही म्हणतेय ना."

"पवित्र आगीच्या तीन पायऱ्या, त्यांत तुमची आग सर्वांत खालची. नड असेल तेव्हा शुद्ध असलेल्या साध्या माणसानंही तिला लाकूड घालायला हरकत नाही. डोकं झाका, तोंड बांधा. घंटा नाही, विधी नाही. नुसती जिवंत ठेवा. आणि सकाळपर्यंत त्यांच्या जवळ जाऊ नका."

बंबाचं पाणी मुलासाठी तापवलं होतं, त्यानं मी न्हाले. कस्ती बांधली. ह्यांचं जादा पदान खुंटीवर होतं, धुतलेलं. दोन पिढ्यांची लाकडं मी चिरून वाळवलेली, पण त्या उंबऱ्याच्या आत पाऊल कधी टाकलं नव्हतं.

खोली मला वाटायची त्यापेक्षा लहान निघाली. निखारे राखेत खोल गेले होते, वर फक्त एक लाल चीर. फुंकर मारायला गाल फुगले होते, आवरले. चिमट्यानं राख बाजूला केली, बारीक काटकी तिरकी लावली, वर चंदन, आणि वाट बघितली. डोळे भरून आले तेव्हा मान मागे टाकून छताकडे बघत राहिले, कारण आसूही तिथं पडता कामा नये. काटकी धरली. मग मोठं लाकूड ठेवलं.

बाहेर न्हावी रस्त्यात उभा होता. "आज तीन वाजलेच नाहीत काय, मावशी?"

"वाजले," मी म्हटलं.

सूर्यास्ताला गेले, मध्यरात्रीला गेले, पहाटे दोनदा. मधल्या वेळी ह्यांच्या खोलीच्या दारात बसायची, सकाळी मुलगा जिथं उभा होता तिथंच. तो आत बापाजवळ बसून होता.  सकाळी गाडीनं नवा मोबेद आला, आग बघून मान डोलावली, घंटा दिली. मी मोजले, नऊ. त्याच सुमारास ह्यांना उचलायला माणसं आली. मी चार पावलं मागे सरकले, कारण नवा मोबेद दुपारच्या गाडीनं परत जायचा होता आणि सूर्यास्ताची पाळी कुणाला करावी लागेल ते अजून ठरलं नव्हतं.